अमेरिकेत इंजिनिअरिंगमध्ये एमएस: थीसिस घ्यायचा की फक्त कोर्सवर्क?

महाराष्ट्रातून अमेरिकेत एमएसला जाणाऱ्या मुलामुलींना प्रवेशपत्र मिळाल्यावर, काही ठिकाणी तर अर्ज भरतानाच, थीसिस की नॉन-थीसिस असं विचारलं जातं. बरेच जण तेव्हा जी खूण सोपी वाटेल ती करून मोकळे होतात. पण पुढची दीड-दोन वर्षं कशी जातील, हे त्या खुणेवर बरंच अवलंबून असतं. पुढे पीएचडी करायची असो वा नोकरी, समोरचा माणूस पुरावा मागतो, आणि दोघांचा पुरावा वेगळा असतो, तो मागण्याची तारीखही वेगळी असते. म्हणून हा निर्णय कॅलेंडर समोर ठेवून घ्यावा. इथे सगळे तपशील अमेरिकेतल्या मेकॅनिकल शाखेचे घेतले आहेत. इलेक्ट्रिकल, सिव्हिल, केमिकल यांनाही ते थोड्या फरकाने लागू पडतात.

आधी क्रेडिटचं गणित

बहुतेक विद्यापीठांत सेमिस्टर पद्धतीत एमएससाठी साधारण ३० क्रेडिट लागतात आणि एक विषय ३ क्रेडिटचा असतो. नॉन-थीसिसमध्ये सरळ दहा विषय करायचे. थीसिसमध्ये सहसा सात-आठ विषय आणि उरलेली ६ ते ९ क्रेडिट संशोधनाची. एफ-१ व्हिसावर पूर्णवेळ विद्यार्थी राहण्यासाठी बहुतेक ठिकाणी दर सेमिस्टरला ९ क्रेडिट घ्यावी लागतात. शेवटच्या सेमिस्टरमध्ये कमी क्रेडिट उरली असतील, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या परवानगीने तेवढीच घेता येतात.

नावांकडेही लक्ष द्या. एमएस आणि एमईंग या काही विद्यापीठांत दोन वेगळ्या पदव्या आहेत. एमईंग ही उद्योगासाठीची, फक्त कोर्सवर्कची पदवी असते, आणि काही विभाग तिच्यातून थेट स्वतःच्या पीएचडीत जाऊ देत नाहीत. बर्कलेचं एमईंग असंच आहे, एका वर्षाचं. उलट स्टॅनफर्डच्या मेकॅनिकलच्या एमएसला थीसिसच नाही, तिथे ४५ युनिटांचं कोर्सवर्क असतं. एमआयटीच्या मेकॅनिकल विभागाच्या एसएम पदवीला मात्र थीसिस लागतोच. म्हणजे पदवीचं नाव ऐकून आत काय आहे ते कळत नाही. विभागाच्या संकेतस्थळावरची ग्रॅज्युएट हँडबुक नावाची पीडीएफ उघडा आणि त्यात दोन गोष्टी शोधा: थीसिसच्या क्रेडिटची संख्या, आणि एका पर्यायातून दुसऱ्यात जाण्याचा नियम. हा दुसरा नियम किती महत्त्वाचा आहे ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

एक उदाहरण, तारखांसकट

समजा, पुण्यातून मेकॅनिकलमध्ये बी.ई. केलेली एक मुलगी ऑगस्ट २०२६ मध्ये एका सरकारी विद्यापीठात एमएसला रुजू होते. थीसिसचा पर्याय घेतला आहे: आठ विषय, म्हणजे २४ क्रेडिट, आणि ६ क्रेडिटचा थीसिस. तिची आखणी अशी होते. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय, दुसऱ्याला तीन विषय, तिसऱ्याला दोन विषय आणि ३ थीसिस क्रेडिट, चौथ्याला फक्त ३ थीसिस क्रेडिट. बेरीज ३०, पदवी मे २०२८ मध्ये.

कागदावर थीसिस तिसऱ्या सेमिस्टरला सुरू होतो, आणि नवखे विद्यार्थी इथेच फसतात. पीएचडीचे अर्ज बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात. सलग ऑगस्ट २०२८ मध्ये पीएचडी सुरू करायची, तर अर्ज डिसेंबर २०२७ मध्ये जाणार. त्या दिवशी थीसिस अर्धवटच असणार. निवड समितीच्या हाती असतं ते गाइडचं शिफारसपत्र, तुमचं दोन पानी संशोधनाचं निवेदन, आणि नशीब असेल तर एखाद्या परिषदेला पाठवलेला शोधनिबंध. गाइडने तुमच्याबरोबर ऑगस्टपासून फक्त तीन महिने काम केलं असेल, तर पत्रात तो ‘हुशार आहे, मेहनती आहे’ याच्या पलीकडे काही लिहू शकत नाही. जानेवारीपासून काम केलं असेल, तर तो लिहील की उपकरण हिने स्वतः उभारलं, मोजमापात चूक निघाली तेव्हा कारण हिनेच शोधलं. प्रवेश मिळवून देतं ते अशा प्रकारचं पत्र.

म्हणून क्रेडिट तिसऱ्या सेमिस्टरची असली, तरी काम दुसऱ्या सेमिस्टरला, म्हणजे जानेवारी २०२७ ला सुरू व्हायला हवं. त्यासाठी गाइड नोव्हेंबर २०२६ पर्यंत ठरलेला हवा. म्हणजे अमेरिकेत उतरल्यापासून हाती जेमतेम तीन महिने.

आपल्याकडच्या बी.ई.च्या प्रोजेक्टवर या बाबतीत फार विसंबू नका. तो तीन-चार जणांच्या गटाने केलेला असतो आणि त्यात कोणाचा वाटा किती, हे बाहेरच्याला कळत नाही. विभागप्रमुखांनी एकाच साच्यात लिहून दिलेलं पत्र अमेरिकेतल्या समितीला काहीच सांगत नाही. तीन पत्रांपैकी निदान दोन अमेरिकेतल्या, तुमचं काम पाहिलेल्या माणसांची असावीत.

गाइड कसा गाठायचा

पहिल्या सेमिस्टरला तीन विषय निवडताना, ज्या प्राध्यापकाकडे काम करायची इच्छा आहे त्याचाच एक विषय घ्या. वर्गात वरच्या श्रेणीत असलेला, ऑफिस अवर्सना नेमके प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी प्राध्यापकाच्या लक्षात राहतो. अनोळखी ईमेलपेक्षा हा मार्ग कितीतरी खात्रीचा आहे.

ईमेल करायचाच असेल तर सात-आठ ओळींचा करा. त्यात त्याच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका शोधनिबंधाचा उल्लेख, त्यातल्या कोणत्या भागावर काम करायला आवडेल ते एका वाक्यात, तुम्हाला खरोखर येणारी दोन-तीन साधनं (मॅटलॅब, अँसिस, लेथवरचं काम, जे असेल ते), आणि पंधरा मिनिटांच्या भेटीची विनंती. ‘तुमचं संशोधन मला फार आवडतं’ असं लिहिलेले ईमेल त्यांना ढिगाने येतात.

भेटीत हे विचारायला संकोच करू नका: याआधीच्या एमएसच्या विद्यार्थ्यांना थीसिस संपवायला किती सेमिस्टर लागल्या? माझ्या कामाला पैसे कुठून येणार? येत्या दोन वर्षांत तुम्ही रजेवर किंवा दुसऱ्या विद्यापीठात जाणार आहात का? आणि चौथा प्रश्न, जो आपल्याकडची मुलं जवळजवळ कधीच विचारत नाहीत: या प्रकल्पावर परदेशी विद्यार्थ्याला काम करता येतं का? मेकॅनिकल आणि एरोस्पेसमधले कित्येक प्रकल्प संरक्षण खात्याच्या पैशावर चालतात आणि त्यांतल्या काहींना निर्यात-नियंत्रणाचे नियम लागतात. अशा प्रकल्पाची माहिती अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या विद्यार्थ्याला दाखवणंही चालत नाही. प्रयोगशाळा आवडली, विषय आवडला आणि मग कळलं की त्या खोलीत जाताच येणार नाही, असं होऊ नये.

त्याच प्रयोगशाळेतल्या एखाद्या विद्यार्थ्याबरोबर एकट्याने चहा घ्या. गाइड मसुदा किती दिवसांत वाचून देतो, एमएसच्या विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न मिळतो की पीएचडीवाल्याच्या हाताखाली नळ्या जोडत बसावं लागतं, हे तोच सांगेल.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. थीसिस घेतला म्हणजे रिसर्च असिस्टंटशिप मिळेलच, असं नाही. आठवड्याला २० तासांची असिस्टंटशिप मिळाली तर पगाराबरोबर बऱ्याच ठिकाणी फीही माफ होते, पण गाइड ती पीएचडीच्या विद्यार्थ्यांना आधी देतो, कारण ते चार-पाच वर्षं टिकणार असतात. फुकट काम करून थीसिस पूर्ण करणारे एमएसचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. कॅनडात हे चित्र वेगळं असतं: तिथे एमएएससी हा थीसिसचा मार्ग, त्याला बहुधा आर्थिक साहाय्य असतं, आणि एमईंग हा स्वखर्चाचा कोर्सवर्कचा मार्ग, ज्यातून पीएचडीला जाणं अवघड असतं.

प्रश्न केवढा असावा

एमएसचा थीसिस बुडतो तो बहुधा प्रश्न फार मोठा घेतल्याने. आपल्या उदाहरणातल्या मुलीला विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत रस आहे, आणि गाइड सुचवतो: ‘बॅटरी पॅकचं शीतकरण’. एवढा विषय एमएसला पेलत नाही. पेलेल असा प्रश्न साधारण असा असतो: हवेने थंड होणाऱ्या छोट्या पॅकमध्ये दोन सेलांमधलं अंतर बदललं, तर सगळ्यात गरम सेलचं तापमान किती उतरतं आणि पंख्याला त्यासाठी किती जास्त दाब द्यावा लागतो? एक मांडणी, दोन बदलत्या गोष्टी (अंतर आणि हवेचा वेग), दोन मोजायच्या गोष्टी (तापमान आणि दाबातली घट). यावर चाळीस-पन्नास मोजमापं आणि त्यांना पडताळणारं एक संगणकीय प्रतिमान झालं की थीसिस उभा राहतो.

यातही एक व्यवहारी निर्णय आहे. खऱ्या लिथियम सेलऐवजी तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमच्या दंडगोलांत विजेचे हीटर बसवायचे. उष्णता किती सोडायची ते वीजपुरवठ्यावरून नेमकं ठरवता येतं आणि लिथियम हाताळण्याच्या सुरक्षा-परवानग्यांत महिने जात नाहीत. अशा प्रयोगात वेळ जातो तो भौतिकशास्त्रापेक्षा वाट पाहण्यात. विभागाच्या मशीन शॉपमध्ये रांग असते, सेन्सर मागवल्यावर यायला आठवडे लागतात, पहिल्या जुळणीत तापमानाचे तीन-चार सेन्सर सैल निघतात. म्हणून भागांची रेखाचित्रं फेब्रुवारी-मार्च २०२७ मध्येच शॉपकडे गेली पाहिजेत.

गाडी रुळावर आहे का, हे ओळखायची एक साधी खूण आहे. तिसरी सेमिस्टर सुरू होताना, म्हणजे ऑगस्ट २०२७ अखेर, तुमच्या मोजमापांचा निदान एक आलेख गाइडच्या टेबलावर असायला हवा. कच्चा असेना, पण स्वतःचा हवा. तो नसेल तर एप्रिलमधला डिफेन्स, म्हणजे समितीपुढे थीसिस मांडून प्रश्नांना उत्तरं देण्याची परीक्षा, धोक्यात आहे असं समजा, आणि प्रश्न लहान करायला त्याच आठवड्यात गाइडशी बोला.

मध्येच सोडायचं ठरलं तर

हँडबुकमधला तो नियम आता उपयोगी पडतो. बहुतेक ठिकाणी थीसिसची क्रेडिट विषयांच्या क्रेडिटमध्ये बदलून मिळत नाहीत. आपल्या विद्यार्थिनीचे डिसेंबर २०२७ अखेर आठ विषय झालेले आहेत, म्हणजे २४ क्रेडिट. तिने जानेवारी २०२८ मध्ये, विषय घेण्या-सोडण्याची मुदत संपण्याआधी, नॉन-थीसिसला जायचं ठरवलं, तर थीसिसची ३ क्रेडिट वाया जातात, पण चौथ्या सेमिस्टरला दोन विषय घेऊन ती मे २०२८ मध्येच पदवी घेते.

हाच निर्णय तिने मार्चमध्ये घेतला, तर त्या सेमिस्टरला विषय मिळत नाहीत. दोन विषय उन्हाळ्यात किंवा पुढच्या ऑगस्टमध्ये करावे लागतात, त्यांची फी भरावी लागते, आणि आय-ट्वेंटीची, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्राची, मुदत वाढवावी लागते. ती वाढवायचा अर्ज जुनी मुदत संपण्याआधीच करावा लागतो, आणि कारण शैक्षणिक असावं लागतं. संशोधनात अनपेक्षित अडचण येणं हे सध्याच्या नियमांत मान्य कारण आहे. व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे शेवटचा शब्द विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा. शैक्षणिक कर्ज घेतलं असेल, तर कोर्सची वाढलेली मुदत बँकेलाही लेखी कळवा, कारण हप्ते कधी सुरू होणार याचा हिशेब कोर्सच्या मुदतीवरून होतो.

थोडक्यात, थीसिस सोडायचा असेल तर शेवटचा मुहूर्त चौथ्या सेमिस्टरचा पहिला आठवडा. त्यानंतर पुढे रेटणंच बहुधा स्वस्त पडतं.

डिफेन्सचंही गणित उलटं मांडा. मे महिन्यात पदवी हवी, तर ग्रॅज्युएट स्कूलला अंतिम प्रत जमा करायची तारीख एप्रिलमध्येच येते. त्याआधी डिफेन्स, त्याआधी समितीच्या तीन सदस्यांना मसुदा वाचायला दोन आठवडे. म्हणजे पूर्ण मसुदा मार्चच्या मध्याला तयार हवा. समास, पानांचे क्रमांक, आकृत्यांच्या याद्या यांची स्वतंत्र तपासणी असते आणि त्यात प्रत परत येते. विद्यापीठाचा तयार साचा पहिल्या दिवसापासून वापरला तर हा त्रास वाचतो.

नोकरीच्या बाजूचं कॅलेंडर

उद्योगातल्या नोकरीसाठी सगळ्यात जास्त वजन उन्हाळी इंटर्नशिपला असतं, आणि तिची भरती आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते. ऑगस्टमध्ये उतरलेल्या विद्यार्थ्याने तीन-चार आठवड्यांत करिअर फेअरला एक पानी रेझ्युमे घेऊन उभं राहायचं असतं. घर शोधणं, बँक खातं, पहिला गृहपाठ या धांदलीत हे बहुतेकांचं निसटतं. तो रेझ्युमे भारतातूनच तयार करून न्या.

इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, लागते आणि ती सहसा दोन सेमिस्टर पूर्ण झाल्यावर मिळते, त्यामुळे पहिला उन्हाळा बरोबर जुळतो. एक काळजी घ्या: पूर्णवेळ सीपीटी एकूण १२ महिने झाली, तर त्या पातळीवरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, हातची जाते. तीन महिन्यांच्या इंटर्नशिपने काही बिघडत नाही.

थीसिस आणि नोकरी यांची खरी टक्कर होते ती या उन्हाळ्यावर. गाइडला तुम्ही प्रयोगशाळेत हवे असता, कंपनीला कंपनीत. पीएचडी नक्की करायची असेल, तर उन्हाळा प्रयोगशाळेला द्या. डिसेंबरच्या अर्जाआधी सलग काम करायला मिळणारे ते एकमेव तीन महिने आहेत. नोकरी नक्की हवी असेल, तर इंटर्नशिप घ्या, आणि मग थीसिसऐवजी कोर्सवर्क घेणं जास्त शहाणपणाचं. दोन्ही हवं असेल, तर गाइड निवडतानाच, नोव्हेंबरमध्ये, उन्हाळ्याचं विचारून ठेवा. एप्रिलमध्ये ऑफर हातात घेऊन सांगितलं, तर संबंध बिघडतात आणि शिफारसपत्र पातळ होतं.

कोर्सवर्कवाल्याला आणखी एक मोकळीक असते. ९, ९ आणि १२ क्रेडिट अशी विभागणी केली, तर दहा विषय तीन सेमिस्टरमध्ये संपतात आणि पदवी डिसेंबर २०२७ मध्येच मिळते. एका सेमिस्टरचा घरभाडं-जेवणाचा खर्च वाचतो. पण एका सेमिस्टरला चार विषय आणि त्याच वेळी नोकरीच्या मुलाखती, हे सगळ्यांना झेपत नाही. शिवाय ओपीटीवर पहिल्या वर्षात बिननोकरीचे ९० दिवसच चालतात. हातात नोकरी नसताना लवकर पदवी घेतली, तर ते दिवस लवकर मोजले जाऊ लागतात. ओपीटी १२ महिन्यांची, आणि इंजिनिअरिंगच्या पदवीवर पुढे २४ महिन्यांची वाढ. ही सवलत थीसिस आणि नॉन-थीसिस दोघांना सारखीच आहे.

मुलाखतीत थीसिस कुठे उपयोगी पडतो? डिझाइन, उत्पादन, गुणवत्ता-नियंत्रण या कामांत फारसा नाही. तिथे सॉलिडवर्क्समधली रेखाचित्रं, टॉलरन्सची जाण आणि इंटर्नशिपमध्ये नेमकं काय केलं, हे विचारतात. सिम्युलेशन, कंट्रोल्स, सेमीकंडक्टरमधली प्रक्रिया-विकसनाची कामं, बॅटरीच्या चाचण्या अशा ठिकाणी मात्र थीसिस हा चांगला विषय असतो, कारण एका प्रश्नावर वर्षभर काम केलेला माणूस तासभर खोलात बोलू शकतो. मोठ्या कंपन्यांच्या संशोधन विभागांतल्या बऱ्याच जागांना मुळातच पीएचडी लागते, तिथे एमएसचा थीसिस तेवढ्याने पुरत नाही.

कोर्सवर्क घेतलं आणि पुढे पीएचडीचं मनात आलं तर

अमेरिकेत हा दरवाजा बंद होत नाही. तिथले अनेक पीएचडी कार्यक्रम बी.ई.नंतरही थेट प्रवेश देतात, तेव्हा थीसिस नसणं हा औपचारिक अडथळा नाही. कमतरता असते ती पत्राची. ती भरून काढायला दहा विषयांपैकी एक-दोन जागी इंडिपेंडंट स्टडी, म्हणजे वर्गाऐवजी प्राध्यापकाच्या देखरेखीखाली स्वतंत्र काम, घ्या, ३ क्रेडिटची, एकाच प्राध्यापकाकडे, शक्यतो सलग दोन सेमिस्टर. त्यात छोटा पण पूर्ण झालेला भाग करा आणि पंधरा-वीस पानांचा अहवाल लिहा. हँडबुकमध्ये अशा किती क्रेडिटना मान्यता आहे ते आधी पाहा. बऱ्याच विभागांत मर्यादा असते.

युरोपात गोष्ट वेगळी आहे. जर्मनीत मास्टर्स १२० ईसीटीएसचं, म्हणजे युरोपीय क्रेडिटचं, असतं आणि त्यात सहसा ३० ईसीटीएसचा, सहा महिन्यांचा थीसिस असतोच. तिथल्या पीएचडीसाठी अर्ज केल्यावर थीसिस नसलेल्या अमेरिकी एमएसकडे संशयाने पाहिलं जातं, जास्तीच्या अटीही घातल्या जाऊ शकतात. पुढे जर्मनी, नेदरलंड्स किंवा ऑस्ट्रेलियाचा विचार असेल, तर अमेरिकेत थीसिसचाच पर्याय घ्या.

दोन-तीन वर्षं नोकरी करून मग पीएचडीला जायचं असेल, तर पदवी घेऊन निघण्यापूर्वी त्या प्राध्यापकाला भेटा आणि तुमच्या कामाची एका पानाची टिपणी त्याच्याकडे देऊन ठेवा: कोणता प्रश्न घेतला, काय मोजलं, काय निघालं, कोणती श्रेणी मिळाली. त्याच्या हाताखालून मधल्या काळात कितीतरी विद्यार्थी गेलेले असतात. तीन वर्षांनी तुम्ही पत्र मागाल, तेव्हा ते पान जुन्या ईमेलमध्ये त्याला सापडायला हवं.